शी झाली, शी होतेय, शी आलीय

आमच्या सानूला पहिल्यांदा पॉटीवर बसवलं तेव्हा ती दोन वर्षं एक महिन्याची होती. तिला बसवायचं कारण तिच्यात नव्हतं, कॅलेंडरमध्ये होतं. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होणार होता आणि प्रवेश घेताना तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, "डायपर नसेल तर बरं." ते "बरं" आम्ही अटीसारखं घेतलं. मे महिन्यात डायपर काढला, दर वीस मिनिटांनी तिला उचलून बसवायला लागलो आणि पंधरा दिवसांत घरातले तिघंही रडकुंडीला आलो. ती पॉटीवरून उठायची आणि दोन पावलं चालून सोफ्याजवळ शू करायची. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. ठाण्यात जुलैत चड्ड्या वाळत नाहीत हे ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. आम्ही माघार घेतली. प्लेग्रुपच्या बाईंशी बोललो, तर त्या म्हणाल्या, "अहो, निम्मी मुलं डायपरमध्येच येतात." इतकं सोपं होतं ते.

माझी आई तेव्हा चिपळूणहून आमच्याकडे, कासारवडवलीला आली होती. तिचं म्हणणं ठरलेलं. "तुला सहाव्या महिन्यापासून पायावर धरायचे मी. वर्षाचा झालास तेव्हा लंगोट सुटला होता." मला आधी हे आजीछाप फुशारकीचं वाटायचं, पण नीट विचारलं तेव्हा कळलं की ती खोटं बोलत नव्हती. ती दिवसभर घरात असायची, माझा चेहरा बघून ओळखायची, दूध पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पायांवर बसवून "शूऽऽ" करायची. म्हणजे तयार आई झाली होती, मी नव्हे. शिवाय लंगोट ओला झाला की मला लगेच गार लागायचं. आजच्या डायपरमधलं जेल ओल इतकी शोषून घेतं की पोराला आपण ओले झालो हेच समजत नाही. आमच्या घरी मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, माझी बायको अनुजा रोज ऐरोलीला जाते. दिवसभर तोंडाकडे बघत बसणारं माणूस आमच्याकडे नाही. त्यामुळे ओळखायचं काम सानूनेच करायला हवं होतं.

ते तिला कधी जमेल हे मला तिच्या क्रियापदांवरून कळलं.

मे महिन्यात ती म्हणायची, "शी झाली." सगळं उरकल्यावर. गणपतीच्या सुमारास ती एक दिवस पडद्यामागे गेली, उकिडवी बसली आणि मला बघून ओरडली, "बाबा जा! शी होतेय." आणि दसऱ्यानंतर कधीतरी जेवताना मधेच थांबून म्हणाली, "शी आलीय," आणि पडद्याकडे पळाली. झाली, होतेय, आलीय. पोटातलं कळणं आणि प्रत्यक्ष होणं यांच्यात आता थोडी फट पडली होती. पॉटीपर्यंत पोचायला तेवढीच फट लागते. पडद्यामागे लपण्याला आम्ही आधी खोडी समजत होतो. खरं तर आत काय चाललंय ते कळतंय आणि त्यासाठी वेगळी जागा लागते हेही कळतंय, असा त्याचा अर्थ होता.

शूचं वेळापत्रक मात्र बोलण्यावरून कळत नव्हतं. म्हणून एका शनिवार-रविवारी मी दर तासाला डायपर हाताने दाबून पाहिला आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं. मे महिन्यात ती चाळीस मिनिटंही कोरडी राहत नव्हती. आता दीड ते दोन तास सलग कोरडी होती आणि दोन्ही दुपारी झोपेतून उठली तेव्हा डायपर सुकाच होता. मूत्राशय आता साठवून ठेवायला शिकलं होतं. बाकीच्या दोन गोष्टी साध्या होत्या. "चप्पल काढ आणि बाबाला आणून दे" अशी दोन कामांची सूचना ती पाळायची, आणि इलॅस्टिकची चड्डी स्वतः खाली ओढू शकायची. बटणवाल्या जीन्स आणि घट्ट लेगिंग्ज मी त्याच दिवशी वरच्या कप्प्यात टाकल्या.

दिवाळीच्या आठवडाभर आधी जमिनीवर ठेवायची छोटी पॉटी खुर्ची आणली. कमोडवर बसवायची रिंगही मिळते, पण त्यात पोरांचे पाय लोंबकळतात. ते का नडतं, हे पुढे येईलच. पहिले चार-पाच दिवस सानू कपड्यांसकट तिच्यावर बसून पुस्तक बघायची, बाहुलीलाही बसवायची. डायपरमधली शी आम्ही तिच्या देखत कमोडमध्ये टाकायचो, म्हणजे ती जाते कुठे हे तिला दिसावं. फ्लश मात्र ती बाहेर गेल्यावर. त्या आवाजाला ती दचकत होती, आणि भीती घालवायची म्हणून बटण दाबायला लावण्यात काही अर्थ नव्हता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तीन दिवसांची सुट्टी काढली. सकाळी डायपर काढून सुती चड्डी घातली. आता दर वीस मिनिटांनी नाही, तर ठरलेल्या वेळी विचारायचं होतं: उठल्यावर, खाल्ल्यावर, आंघोळीआधी, झोपायच्या आधी, बाहेर निघताना. मधे दोन तास गेले असतील तर एकदा. "शू आलीय का?" असं विचारलं की अडीच वर्षांचं मूल "नाही" म्हणणारच, म्हणून आम्ही म्हणायचो, "चल, पॉटीची वेळ झाली." तरी नको म्हणाली तर सोडून द्यायचं. पहिल्या दिवशी सात वेळा फरशी पुसली. तिसऱ्या दिवशी तीनदा. चुकलं की एकच वाक्य, "शू पॉटीत करायची," आणि चड्डी बदलायची. हे वाक्य सातव्या वेळीही त्याच आवाजात म्हणणं ही त्या तीन दिवसांतली सर्वात अवघड गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला ते जमलं नाही, मी ओरडलो, आणि त्यानंतर तिने दोन तास शू दाबून धरली. तेव्हा कळलं की दाबून धरायचं पोरांना आपणच शिकवतो. दहाव्या दिवसापर्यंत दिवसाची शू जवळपास पूर्ण पॉटीत गेली. धुताना पुढून मागे, ही एक गोष्ट मुलींच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून पाळायची. घरातल्या जेट स्प्रेने उलट दिशेनं धुवायची सवय पटकन लागते.

आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, पण शीचा पत्ता नव्हता.

चौथ्या दिवशी सानू माझ्याकडे डायपर घेऊन आली. "बाबा, हा घाल. शी करायचीय." म्हणजे आलेलं कळत होतं, सांगताही येत होतं, फक्त तिला ते डायपरमध्येच करायचं होतं. आता हे खूप मुलांचं होतं. शू पॉटीत आणि शी डायपरमध्येच, असा टप्पा अनेक मुलं घेतात, आणि डायपर दिला तर काही आठवड्यांत सुटतातही. पण मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं आत्ता दिला तर सगळं पाण्यात. मी म्हणालो, "डायपर संपले." कपाट बंद केलं. या सगळ्या काळात केलेली सर्वात मोठी चूक हीच.

तिने तीन दिवस शी केली नाही. सातव्या दिवशी केली ती अंगठ्याहून जाड, खडबडीत आणि किंचाळत. टिश्यूवर लाल रेघ होती. त्यानंतर तिने ठरवूनच टाकलं असावं की आता करायचीच नाही. ती सोफ्याचा हात धरून चवड्यांवर उभी राहायची, पाय एकमेकांत अडकवून ताठ, चेहरा लालबुंद. आई म्हणायची, "बिचारी जोर लावतेय." आम्हीही टाळ्या वाजवून म्हणायचो, "शाब्बास, लाव जोर!" प्रत्यक्षात ती उलटं करत होती. शी करताना मूल गुडघे वाकवतं, पुढे झुकतं. पाय ताठ, ढुंगण आवळलेलं आणि चवड्यांवर उभं असेल, तर ते आत ढकलत असतं. दोन्हीत चेहरा लालच होतो, म्हणून चेहऱ्याकडे बघू नका, पायांकडे बघा.

आणखी चार-पाच दिवसांनी चड्डीला दिवसातून तीन-चारदा पातळ डाग लागायला लागले. आम्ही म्हटलं जुलाब झाले, बरंच झालं, मोकळं होतंय. आईने ताक-भात आणि केळं सुरू केलं. अनुजाला मात्र वास वेगळा वाटला आणि ती हट्टाने डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी सानूला आडवं केलं, पोटाच्या डाव्या बाजूला खाली बोटं फिरवली आणि माझा हात तिथे ठेवला. कणीक मळून ठेवावी तसा एक लांबट गोळा हाताला लागला. "हे जुलाब नाहीत," त्या म्हणाल्या. "कडक शी खाली अडकलीय. वरून येणारं पातळ तिच्या कडेकडेने झिरपतंय. तिला ते झिरपल्याचं कळतही नाही, तिला रागावू नका." मग त्यांनी समजावलं ते असं. मोठं आतडं शीतलं पाणी शोषत राहतं. शी जितकी जास्त वेळ आत, तितकी ती कडक आणि मोठी. ती बाहेर येताना दुखतं, गुदद्वाराला बारीक चीर पडते. दुखलं म्हणून मूल पुढच्या वेळी दाबतं, म्हणून ती आणखी कडक होते. आणि मलाशय असं ताणलेलं राहिलं की त्याला भरल्याची जाणीवच उरत नाही. म्हणजे आमचं "आलीय" पुन्हा "झाली"वर येऊन पोचलं होतं.

"मग पॉटीचं काय करायचं?" मी विचारलं.

"शीसाठी पॉटी बंद. आजपासून मागेल तेव्हा डायपर द्या. आधी दुखणं विसरू दे."

त्यांनी सिरप लिहून दिलं, लॅक्ट्युलोजचं. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा ती इथे लिहीत नाही, आणि कुणी दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून आणूही नये. आईला भीती होती की औषधाची सवय लागेल. डॉक्टरांनी सांगितलं की हे औषध आतड्याला चाबूक मारत नाही, शीत पाणी धरून ठेवतं, एवढंच. उलट चार दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद केलं तर सगळं पहिल्यापासून. ताणलेलं मलाशय मूळ आकारात यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. आमचं औषध जवळजवळ साडेतीन महिने चाललं, शेवटी त्यांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी केलं.

खाण्याबद्दल त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दुधाचा. आम्ही अभिमानाने म्हणालो, तीन मोठ्या बाटल्या. म्हणजे सातशे मिलीच्या घरात. त्यांनी ते चारशे-पाचशेवर आणायला सांगितलं, कारण दुधाने पोट भरलं की पोळी-भाजीला जागा राहत नाही. भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, पेर, वरून पाणी, हे सगळं आम्ही चालू केलंच. पण अडकलेला गोळा मनुकांनी निघत नाही. तो औषधानेच निघाला, तिसऱ्या दिवशी, डायपरमध्ये, पडद्यामागे. त्या दिवशी घरात वर्ल्ड कप जिंकल्यासारखा आनंद झाला आणि आम्ही तो मुद्दाम दाखवला नाही. तिच्या शीवर सगळ्या घराचा जीव टांगलेला आहे हे तिला कळायला नको होतं.

पुढचे दोन आठवडे काहीच शिकवलं नाही. रोज किंवा एक दिवसाआड, मऊ, न दुखता, एवढंच बघायचं. एकदा मला घाई झाली होती. आठव्या दिवशी सहज म्हणालो, "पॉटीत करून बघायची?" ती लगेच चवड्यांवर उभी राहिली. परत गप्प बसलो.

मग डायपर राहू दिला आणि फक्त जागा बदलत गेलो. आधी डायपर मिळेल, पण बाथरूममध्ये जाऊन करायची. पडद्याऐवजी बाथरूमचं दार. चार दिवसांनी, डायपर घालूनच पॉटी खुर्चीवर बसून. याला सर्वात जास्त वेळ लागला, जवळपास नऊ दिवस, कारण उभ्याने करायची सवय मोडायची होती. मग डायपरच्या पट्ट्या सैल. मग मी कात्रीने त्याला मधोमध भोक पाडलं. अनुजा म्हणाली, "वेडा आहेस का?" पण सानूला कमरेला डायपर आहे एवढं पुरेसं होतं. शी भोकातून खाली पॉटीत पडली आणि ती वाकून बघत राहिली. पुढे डायपर नुसता पॉटीच्या भांड्यात अंथरला, आणि जानेवारीच्या शेवटी तो अंथरायचाही राहून गेला. कुठल्याही पायरीवर दोन दिवस शी झाली नाही की एक पायरी मागे जायचो. असं तीनदा झालं.

बसवायची वेळ दुपारच्या जेवणानंतर. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं, आईचं दूध पाजून पायावर धरणं याच हिशेबाचं होतं. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. झाली तर झाली. त्या वेळी आम्ही साबणाचे फुगे उडवायचो. फुंकर मारताना पोट आपोआप दाबलं जातं आणि खालचे स्नायू सैल राहतात. "जोर लाव" म्हटलं की ती आवळायची, फुगे म्हटलं की सोडायची.

आणि पाय. गुडघे कमरेपेक्षा वर आले की शीचा मार्ग सरळ होतो, पाय टेकलेले असले की जोर लावता येतो. भारतीय पद्धतीच्या संडासात हे आपोआप होतं. आमच्या फ्लॅटमध्ये दोन्हीकडे कमोड. पुढे ती रिंग लावून कमोडवर बसायला लागली तेव्हा पायांखाली काय ठेवायचं यावर आम्ही ऑनलाइन प्लास्टिकची स्टुलं बघत होतो. आईने देवघरातला जुना पाट आणून ठेवला. उंची बरोबर बसली. आता देव चटईवर आहेत.

रात्रीचा डायपर अजून आहे. झोपेत शू थांबवणं शिकवून येत नाही. रात्री लघवी कमी तयार करणारं हार्मोन आणि जाग येण्याची क्षमता आपल्या गतीने येतात, आणि पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं काळजीचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. रात्री उठवून शूला नेण्याचा प्रयोग मी दोनदा केला. तिने झोपेतच केली, तिला काही कळलं नाही, माझी मात्र झोप गेली.

मार्चमध्ये तिला सर्दी-ताप आला तेव्हा चार दिवस शू पुन्हा चड्डीत झाली. बरी झाल्यावर आपोआप थांबली. शीचं मात्र बिघडलं नाही, कारण औषध चालू होतं.

छोटी पॉटी खुर्ची आता गाडीच्या डिकीत असते, पिशव्या आणि पाण्याच्या बाटलीसकट. परवा रविवारी तलावपाळीहून परत येताना घोडबंदर रोडला नेहमीसारखी गर्दी होती. मानपाड्याच्या अलीकडे गाडी पंधरा मिनिटांत शंभर मीटरही हलली नव्हती. मागच्या सीटवरून सानू म्हणाली, "बाबा, शी येणारे."

अनुजाने माझ्याकडे बघितलं. झाली नाही, होतेय नाही, आलीयही नाही. येणारे. मी इंडिकेटर दिला आणि गाडी सर्व्हिस रोडला घेतली.